तासिकांची टक्कर आणि एक रिकामी जागा

आमची शाळा परभणी जिल्ह्यातली. वेळापत्रक शीटमध्ये उभं मांडलं: A वार, B तासिका, C वर्ग, D शिक्षक, E खोली. कंडिशनल फॉरमॅटिंगला हे सूत्र दिलं:

```
=COUNTIFS($A$2:$A$400,$A2,$B$2:$B$400,$B2,$D$2:$D$400,$D2)>1
```

खोलीसाठी हेच, फक्त D च्या जागी E. एकाच तासिकेला तोच शिक्षक किंवा तीच खोली दोनदा आली, की त्या दोन्ही ओळी लाल होतात.

तरी मंगळवारी तिसऱ्या तासिकेला जाधव सर नववीतही होते अन् दहावीतही, आणि शीट गप्प! LEN लावलं तर एका नावात एक अक्षर जास्त निघालं. नावाच्या शेवटी स्पेस पडली होती. TRIM ने ती काढली आणि पुढं नावं टाइप करणंच बंद केलं. आता ड्रॉपडाउनमधूनच निवडायची.

मैदान मात्र मुद्दाम लाल राहू दिलंय, कारण खेळाला दोन तुकड्या एकत्रच असतात.