पँटची चेन बसवताना: दोन सुतांचा हिशेब

मी शिवणकामात आले ती ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसवरून. शिवाजी पेठेत एका जुन्या जेंट्स टेलरच्या दुकानात काम मिळालं तेव्हा मशीनवर हात चांगला बसलेला होता, पण पुरुषांच्या पँटची चेन मी कधी लावलेली नव्हती. पहिले दोन महिने मास्तरांनी मला फक्त खिसे आणि बॉटम दिले. मग एक दिवस करड्या टी.आर. कापडाची, कंबर ३४ची पँट हातात ठेवली आणि म्हणाले, "आता चेन तूच लाव."

लावली. दिसायला स्वच्छ होती, टीप सरळ होती, इस्त्री कडक होती. गिऱ्हाईक घालून आरशासमोर उभं राहिलं तोवर सगळं ठीक वाटत होतं. स्टुलावर बसलं आणि चेनेचे दात वरून दिसायला लागले.

मास्तर रागावले नाहीत. पँट टेबलावर सपाट पसरली, चेन बंद केली आणि डाव्या कडेवर बोट ठेवलं. "पोरी, चेन मधोमध बसवायची नसती. झाकायची असती. तुझी डावी कड आणि उजवी कड एकाच रेषेवर आल्यात बघ." नव्याने शिकणाऱ्या बहुतेकांची चेन इथंच चुकते, म्हणून आधी हेच नीट सांगते.

पँट घालणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजू ती डावी. पुरुषांच्या पँटमध्ये डावी बाजू उजवीवर येते. मला आधी सवय होती ती लेडीज पँटची, तिथं बऱ्याचदा उलटं असतं, त्यामुळे मी चेनपट्टी, म्हणजे वरच्या बाजूला आतून जोडतात ती पट्टीही, पहिल्यांदा उलट्या बाजूची कापली होती. आजही कापण्याआधी दोन्ही भाग सुलट बाजू वर करून टेबलावर मांडते आणि डाव्यावर खडूनं फुली मारते.

आता हिशेब. दोन्ही पुढच्या भागांना मध्यरेषेच्या बाहेर अर्धा इंच माया ठेवायची. चेनेचं तोंड जिथं संपतं तिथं दोन्हीकडे एक बारीक खाच द्यायची. या ३४च्या पँटला तोंड साडेसहा इंच होतं, म्हणजे कंबरेच्या शिवणीपासून साडेसहा इंचावर खाच. डाव्या भागाला चेनपट्टी जोडताना टीप पूर्ण अर्ध्या इंचावर, म्हणजे बरोबर मध्यरेषेवर मारायची. उजवा भाग मात्र फक्त पाव इंचच आत दुमडायचा. मग उजवी कड मध्यरेषेच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढं उभी राहते आणि चेन त्या कडेला लागून बसते. वरून डावी बाजू मध्यरेषेवर आली की चेन तिच्या दोन-तीन सूत आत झाकली जाते. मी दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच दुमडला होता. माप सारखं ठेवलं म्हणजे काम बरोबर झालं असं मला वाटत होतं, आणि त्यानंच चेन उघडी पडली.

उजवीकडची ही वाढीव कड खालपर्यंत तशीच नेता येत नाही, कारण खाचेखाली दोन्ही भाग मध्यरेषेवरच जोडायचे असतात. म्हणून शेवटच्या इंचभरात दुमड हळूहळू पाव इंचाहून अर्ध्या इंचावर आणायची. हा भाग डाव्या बाजूखाली झाकलेला असतो, वरून दिसत नाही. मात्र एकदम वळवलात तर तिथं चुणी पडते आणि चेन खाली अडकते.

कामाचा क्रम मी असा धरते. चेनपट्टी एकेरी, दोन इंच रुंद, खाली गोलाई दिलेली आणि फ्युजिंग लावलेली. ती डाव्या भागाला वरून खाचेपर्यंत जोडायची आणि खाचेवर टीप पक्की करायची. एक टाकासुद्धा खाली जाता कामा नये. पट्टी आत उलटून इस्त्री करताना वरचं कापड केसभर आत वळवायचं, म्हणजे पट्टी बाहेर डोकावत नाही. मग खाचेपासून खाली दोन इंच डावा-उजवा भाग जोडायचा, चेनपट्टी बाजूला धरून. ही टीप पहिल्या टिपेच्या बरोबर शेवटच्या टाक्यापासून सुरू झाली पाहिजे. मध्ये एका टाक्याचं अंतर राहिलं तर तिथं भोक दिसतं, आणि टाका वर चढला तर चेनेच्या पायथ्याशी फुगा येतो. तो इस्त्रीनं बसत नाही.

त्यानंतर उजवी बाजू. आतली पट्टी, जिला काही जण शील्ड म्हणतात, ती दुहेरी असते: वर पँटचंच कापड, आत खिशाचं अस्तर. तिचं काम चेनेचे दात अंगाला आणि शर्टाला लागू न देणं. म्हणून ती डावीकडच्या चेनपट्टीपेक्षा थोडी रुंद आणि खाचेखाली पाऊण इंच लांब ठेवते. खाली आतली पट्टी, तिच्यावर चेन, तिच्यावर उजवी दुमडलेली कड, असे तीन थर ठेवून चेनेच्या दातांशेजारून एक टीप. दातांपासून सूतभर अंतर सोडायचं, नाहीतर रनर कापडात अडकतो. चेनेचा खालचा अटकाव खाचेच्या दोन सूत वर आला पाहिजे. या पँटला सात इंचाची चेन होती, वर उरलेला तुकडा तसाच ठेवायचा. कंबरपट्टा बसेपर्यंत चेन वरून कापायची नाही, आणि कापताना रनर खाली आणून ठेवायचा. वर राहिला तर कापल्याबरोबर निघून हातात येतो.

सगळ्यात नाजूक काम डावीकडच्या चेनेचं. चेन बंद करून डावी कड उजव्याच्या मध्यरेषेवर आणायची आणि कच्चा धावदोरा घालून धरायची. पँट उलटायची. आता चेनेची मोकळी पट्टी चेनपट्टीवर सहज पडेल तशी पडू द्यायची आणि टाचण्या लावायच्या. ओढायची नाही. मग पँटचा वरचा भाग बाजूला घेऊन फक्त चेनपट्टीवर दोन टिपा. वरच्या कापडातून टीप गेली तर ती बाहेर दिसेल.

इथं चेन जराशी ताणली गेली तर पुढून लाट येते. लाट कशामुळे आली हे ओळखायची मास्तरांची पद्धत मला फार उपयोगी पडली. चेन उघडून पाहायची. उघडल्यावर लाट गेली तर चेन ताणून लावली आहे, किंवा डावी-उजवी लांबी कमीजास्त आहे. उघडूनही लाट राहिली तर दोष बाहेरच्या टिपेत किंवा ताणलेल्या कापडात आहे. हे न पाहता सगळंच उसवायला बसलात तर चांगली टीपही वाया जाते.

बाहेरच्या त्या गोल टिपेसाठी मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा साचा कापला आहे. डाव्या कडेपासून सव्वा इंच रुंद, सरळ खाली, आणि खाचेच्या दीड इंच वरून गोलाई घेत मध्यशिवणीवर खाचेपाशी येणारा. सव्वा इंचच का? दोन इंचाच्या चेनपट्टीतून अर्धा इंच माया गेली की दीड इंच उरते, म्हणजे टिपेबाहेर पाव इंच पट्टी शिल्लक राहते आणि टीप पट्टीवरून घसरत नाही. चेनेची आतली कड डाव्या कडेपासून पाऊण इंचाच्या थोडी पुढे असते, तीही टिपेत येत नाही. गोलाई अटकावाच्या खालून गेली पाहिजे. वरून गेली तर सुई धातूवर आपटून तुटते, आणि तुटली नाही तरी तोंड तेवढं लहान होतं.

टीप मारताना आतली पट्टी उजवीकडे दुमडून टाचणीनं धरायची. ती टिपेत सापडली तर पँट उघडणारच नाही, आणि बारीक टाके उसवताना टी.आर. कापडाला ओरखडे पडतात. मी टीप खालून वर मारते, मध्यशिवणीपासून कंबरेकडे. मशीनचा पाय वरचं कापड थोडं पुढं ढकलत असतो. वरून खाली आलात तर ते सगळं जास्तीचं कापड गोलाईत साठतं. खालून वर गेलात तर ते कंबरेपाशी निघतं, तिथं ते शिवणीत समान करता येतं. काही मास्तर वरून खालीच मारतात आणि त्यांचं कामही सुंदर असतं, पण त्यांचा हात वेगळा. नव्या माणसानं खालून सुरू करावं असं माझं मत आहे. टीप झाली की आतली पट्टी परत जागेवर आणून गोलाईच्या टोकाशी सगळ्या थरांतून एक बारटॅक. पहिला ताण तिथंच येतो. नायलॉनच्या चेनेवर इस्त्री करताना कापड घालून आणि बेतानं, जास्त तापली तर दात वाकतात आणि रनर मध्येच अडतो.

कंबरपट्ट्याचे दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे कापायचे नाहीत, ही माझी दुसरी चूक होती. कंबर ३४ म्हणजे निम्मे १७. मागच्या शिवणीला दीड इंच आणि टोकाला अर्धा इंच माया धरून डावा तुकडा १९ इंच होतो. उजवा मात्र आतल्या पट्टीवरून पुढं जातो. मध्यरेषेपासून आतली पट्टी पावणेदोन इंच पुढं होती, म्हणून उजवा तुकडा पावणेएकवीस. मी दोन्ही १९ कापून आतल्या पट्टीचं तोंड वर तसंच उघडं सोडलं होतं, आणि हुकाची पट्टी लावायला खाली आधारच नव्हता.

ती करडी पँट मास्तरांनी माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली. गोल टीप उसवली, चेनेची डावी पट्टी सोडवली, उजवी कड उसवून अर्ध्या इंचाची दुमड पाव इंचावर आणली. अर्धा इंच माया होती म्हणूनच हे जमलं. आतली पट्टीही कडेसोबत पाव इंच पुढं सरकली. डावी चेन नव्यानं, पाव इंच आत घेऊन बसवली. जुन्या टिपेची छिद्रं वाफेच्या इस्त्रीनं आणि ब्रशनं बुजली, नवी टीप त्याच रेषेवर मारली. उजव्या कंबरपट्ट्याला दोन इंचाचा तुकडा जोडावा लागला. जोड कुठं घ्यायचा हे मास्तरांनी दाखवलं: मध्यरेषेच्या जरा पुढं, आतल्या पट्टीच्या बाजूला, म्हणजे डावी बाजू वर आली की तो झाकला जातो. गिऱ्हाईक परत आलं, स्टुलावर बसलं, उठलं, पुन्हा बसलं. चेन दिसली नाही. जोड आम्हा दोघांनाच माहीत होता.