प्रशिक्षणाआधीची आणि नंतरची प्रश्नावली: नाव न विचारता जोड्या कशा जुळवाव्यात

समजा, तालुक्यातल्या 30 आशाताईंना बालकांच्या जुलाबावर प्रशिक्षण द्यायचं आहे. त्या काय शिकल्या हे मोजायचं, तर प्रश्न आधी लिहा आणि व्याख्यान नंतर बसवा. ‘झिंकचे फायदे माहीत आहेत का?’ या प्रश्नाला सगळ्याच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्या: ‘दीड वर्षाच्या बाळाचे जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले. झिंकची गोळी एकूण किती दिवस द्याल?’ पर्याय: जुलाब थांबेपर्यंत, 5 दिवस, 14 दिवस, माहीत नाही. उत्तर 14 दिवस. पण मनात घर करून बसलेला गैरसमज पहिल्या पर्यायात आहे, म्हणून तो हवाच. ‘माहीत नाही’ ठेवलं की अंदाजाने मारलेल्या खुणा कमी होतात.

असे आठ-दहा प्रश्न पुरेत. दोन्ही वेळी शब्द अगदी तेच ठेवा. नंतरच्या कागदावर एखादा प्रश्न सोपा करून लिहिला, तर वाढलेले गुण कशामुळे वाढले ते कळणार नाही. पहिले कागद गोळा झाल्यावर त्यांची उत्तरंही लगेच सांगू नका.

आता जोडणी. दोन्ही कागद एकाच दिवशी भरायचे असतील, तर एकाच क्रमांकाचे दोन कागद पाकिटात घाला आणि पाकीट ज्याचं त्याला उचलू द्या. कोणाला कोणतं गेलं याची नोंद ठेवू नका.

मध्ये काही आठवडे जाणार असतील तर पाकीट हरवतं. तिथे प्रत्येकीने दर वेळी स्वतःच बनवायचा संकेत घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, माहेरच्या गावाचं पहिलं अक्षर, स्वतःला धरून सख्खी भावंडं किती. सुमन, पारगाव, चार म्हणजे ‘सुपा4’. अक्षर मात्रेसकट लिहायला सांगा, नाहीतर एकदा ‘स’ येतो, एकदा ‘सु’. जन्मतारीख टाळा, शाळेच्या दाखल्यावर 1 जून असलेल्या आपल्याकडे कितीतरी जणी सापडतील. मोबाइलचे शेवटचे आकडेही नकोत, कारण ते आयोजकांच्या यादीत असतात आणि मग नाव लपत नाही.

जुळवताना आधी तिन्ही भाग तंतोतंत जुळणारे कागद बाजूला काढा. उरलेल्यांत एकच भाग चुकला असेल आणि दुसरा कोणीही दावेदार नसेल, तरच जोडी लावा. बाकीचे सोडा, पण किती सोडले ते अहवालात लिहा.

समजा 27 जोड्या जुळल्या. झिंकच्या प्रश्नाला आधी 9 बरोबर होत्या, नंतर 21. नुसते आकडे पाहिले तर 12 जणी शिकल्या असं वाटतं. जोड्या उघडल्या की दिसतं, 13 जणी चुकीवरून बरोबर उत्तरावर आल्या आणि एक बरोबरवरून चुकीवर गेली. आधी चुकलेल्या 18 पैकी 5 अजूनही चुकतात. त्यांनी कोणता पर्याय निवडला ते पाहा: पाचही जणींनी ‘जुलाब थांबेपर्यंत’वर खूण केली असेल, तर व्याख्यानातला तेवढाच भाग पुन्हा बांधायला हवा.

त्याच दिवशीचे गुण ताजी आठवण मोजतात. तीन महिन्यांनी हाच कागद, त्याच संकेतासह, पुन्हा भरून घ्या.