उंची-काळ आलेख काढताना आधी शिखर गाठा

चेंडू जमिनीवरून नव्हे, तर 15 मीटर उंच गच्चीवरून तिरका वर फेकलाय, असं गणित आलं की बरेच जण शिखराच्या वेळेची दुप्पट करून उड्डाणकाळ लिहून मोकळे होतात. तिथेच गुण जातात.

समजा वेगाचा उभा घटक 10 m/s आहे आणि g = 10 m/s² धरलाय. सूत्र होतं h = 15 + 10t − 5t². आधी शिखर काढा: उभा वेग शून्य व्हायला 10 ÷ 10 = 1 सेकंद लागतो, तेव्हा h = 20 मीटर. आता t = 0, 2 आणि 3 ला उंची काढा: 15, 15 आणि 0. हे चार बिंदू हाताने गोलाईदार जोडा. पट्टी लावू नका आणि माथ्याला टोकही काढू नका; तिथे वक्र क्षणभर आडवा असतो.

वाचन सोपं आहे. माथ्यापासून उभ्या अक्षावर जा, महत्तम उंची 20 मीटर, तीही जमिनीपासून. गच्चीपासून फक्त 5. वक्र काळाच्या अक्षाला टेकतो तिथे उड्डाणकाळ, 3 सेकंद. दुप्पट करून आलेले 2 सेकंद म्हणजे चेंडू पुन्हा गच्चीच्या पातळीला आल्याची वेळ.

आणि हो, हा वक्र म्हणजे चेंडूचा मार्ग नव्हे. सरळ वर फेकलेल्या चेंडूचा आलेखही अगदी असाच येतो, कारण आडव्या अक्षावर अंतर नसून वेळ आहे.