सर्च जाहिरातीची शीर्षकं: कशीही जुळली तरी अर्थ लागला पाहिजे

गूगलच्या रिस्पॉन्सिव्ह सर्च जाहिरातीत 3 ते 15 शीर्षकं देता येतात. त्यातली जास्तीत जास्त तीन एका वेळी दिसतात, कधी दोन किंवा एकच. कोणती आणि कोणत्या क्रमाने, हे गूगल ठरवतं. म्हणून एक वाक्य दोन शीर्षकांत तोडू नका. ‘नाशिक रोडहून थेट’ आणि ‘मंदिराच्या दारापर्यंत’ ही जोडी कागदावर छान वाटते, पण उलटी लागली किंवा एकटीच आली की अर्थच उरत नाही.

उदाहरणादाखल नाशिकहून त्र्यंबकेश्वरला गाडी देणारा व्यवसाय घेऊ. प्रत्येक शीर्षकाला 30 अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत ती लवकर संपते, कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘त्र्यंबकेश्वर’ डोळ्यांना पाच अक्षरांचं दिसतं, मोजणीत ते 13 भरतं. शीर्षकं आधी शीटमध्ये लिहा आणि शेजारी हे सूत्र टाका:

```
=LEN(A2)
```

आता ही पाहा:

नाशिक ते त्र्यंबकेश्वर टॅक्सी (29)
त्र्यंबक दर्शनासाठी गाडी (24)
नाशिक रोड स्टेशनवरून पिकअप (26)
पहाटे 4 पासून गाडी मिळते (24)
टोल, पार्किंग भाड्यातच (22)
फोन करा, गाडी ठरवा (18)

प्रत्येक ओळ एकटी वाचली तरी पुरी आहे. ‘तेही टोलसकट’ असं लिहिलं असतं तर ‘तेही’ला मागच्या ओळीचा आधार लागला असता. ‘तसेच’, ‘इथूनच’, ‘ही सेवा’ यांचंही तेच. उद्गारचिन्ह शीर्षकात चालतच नाही.

खरी अडचण पहिल्या दोन ओळींची आहे. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. शेजारी आल्या की तीच माहिती दोनदा दिसते आणि एक जागा वाया जाते. दोन्ही पहिल्या स्थानाला पिन करा, म्हणजे त्यांची जागा तिथेच पक्की करा. मग तिथे दोनपैकी एकच येईल, दुसरी अन्य जागी जाणार नाही आणि ‘फोन करा’नेही जाहिरात सुरू होणार नाही. त्या बदल्यात जुळण्या कमी होतात, जाहिरातीच्या ताकदीबद्दल गूगल देतं तो शेरा घसरू शकतो. इथे तो घसरू द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र सगळंच पिन करू नका. जे दिसलंच पाहिजे ते तिसऱ्या स्थानाला तर मुळीच नको, कारण ते स्थान दरवेळी दिसेलच असं नाही.

शेवटी सहा चिठ्ठ्या करा. पिन केलेल्या दोनपैकी एक पुढे ठेवा, उरलेल्या चारांतून न बघता दोन उचला आणि मोठ्याने वाचा. मग त्या दोघींची अदलाबदल करून पुन्हा वाचा. अशा एकूण 24 जुळण्या होतात, म्हणजे जेमतेम दहा मिनिटांचं काम. जिथे जीभ अडखळेल किंवा तोच शब्द पुन्हा येईल, तिथली एक ओळ बदला.