मावशीच्या फ्लॅटची जाहिरात मी अशी बदलली

मावशीचा कोथरूडचा फ्लॅट विकायचा होता. एजंटने मथळा दिला होता: ‘प्रशस्त, हवेशीर ड्रीम होम, तातडीने विकणे’. फोन यायचे, पण लिफ्ट नाही हे कळताच लोक जिन्यावरूनच परतायचे.

घर शोधणारा माणूस ‘हवेशीर’ टाइप करत नाही. तो भाग, बीएचके आणि बजेट टाकतो. म्हणून मथळा असा केला: ‘२ बीएचके रीसेल फ्लॅट, डहाणूकर कॉलनी, कोथरूड, ६२० चौ. फूट कार्पेट, तिसरा मजला, लिफ्ट नाही’. ‘तातडीने’ मुद्दाम काढला, कारण तो वाचून समोरचा भाव पाडूनच बोलतो.

क्षेत्रफळावर सगळ्यात जास्त वेळ गेला. एजंटने ८५० लिहिले होते, ते बिल्ट-अप होते. रेरा कायद्याच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. खोल्या टेपने मोजल्या, आकडा करारनाम्याशी ताडला आणि बाल्कनी वेगळी लिहिली.

वर्णनाची पहिली ओळ कागदपत्रांना दिली: सोसायटी नोंदणीकृत, कन्व्हेयन्स झालेले, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, शेअर सर्टिफिकेट मावशीच्या नावावर. रीसेलमध्ये बँकेचे कर्ज अनेकदा इथेच अडते. मग मासिक मेंटेनन्स, उघडे पार्किंग आणि बाथरूमलगतच्या भिंतीची ओल. ओलीचा फोटोही टाकला. बघायला येणाऱ्याला ती दिसणारच, आणि आधी सांगितली की दुरुस्तीचा खर्च धरूनच तो आकडा बोलतो.

फोन कमी झाले. जे आले, त्यांनी जिन्याबद्दल विचारले नाही. कन्व्हेयन्सची प्रत मागितली.