आवर्तसारणीतले क्रम लावायचे प्रश्न: सीईटीला जाण्याआधी

उद्या ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून शेवटची नजर टाकणार असाल, तर सगळी आवर्तसारणी घोकू नका. डावीकडून उजवीकडे जाताना त्रिज्या घटते, आयनायझेशन एनर्जी आणि इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी वाढतात, खाली उतरताना उलटं होतं, एवढं तुम्हाला येतंच. गुण जातात ते दुसऱ्या आवर्ताच्या दोन पायऱ्यांवर.

लिथियम ते निऑन पहिली आयनायझेशन एनर्जी चढत जाते, पण बेरिलियमवरून बोरॉनवर येताना ८९९ वरून ८०१ किलोज्यूल प्रतिमोलवर घसरते. बोरॉनचा इलेक्ट्रॉन 2p मधून काढायचा असतो, आणि तो 2s पेक्षा सैल धरलेला असतो. दुसरी घसरण नायट्रोजनवरून ऑक्सिजनवर येताना, १४०२ वरून १३१४. ऑक्सिजनच्या एका 2p ऑर्बिटलमध्ये जोडी बसते, जोडीतले दोघं एकमेकांना ढकलतात, म्हणून एक लवकर सुटतो. कारणं कोऱ्या कागदावर एकदा लिहून बघा. नुसती 'अर्धं भरलेलं म्हणून स्थिर' ही घोषणा बोरॉनला लागू होत नाही.

आता प्रश्नात 'पहिली' आहे की 'दुसरी', त्या शब्दाखाली रेघ मारायची सवय लावा. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांची दुसरी आयनायझेशन एनर्जी चढत्या क्रमाने लावायची असेल, तर आधी प्रत्येकाचा एक इलेक्ट्रॉन खोडा. उरतात 2p¹, 2p², 2p³ आणि 2p⁴. म्हणजे आता अर्धं भरलेलं ऑक्सिजनकडे आलं, आणि जोडी फ्लोरिनकडे. उत्तर: कार्बन, नायट्रोजन, फ्लोरिन, ऑक्सिजन. शेवटच्या दोघांतलं अंतर अगदी थोडं आहे (३३७४ आणि ३३८८), त्यामुळे अंदाजाने लिहिणारा इथे हमखास फसतो.

उलट बाजूचा सापळाही तपासून घ्या. अपवाद पाठ झाले की मुलं ते इलेक्ट्रोनेगेटिव्हिटीलाही चिकटवतात. तिथे कार्बन २.५, नायट्रोजन ३.०, ऑक्सिजन ३.५, फ्लोरिन ४.० अशी सरळ चढण आहे, मध्ये खड्डा नाही. त्रिज्याही फ्लोरिनपर्यंत सरळ घटते. निऑन मात्र पर्यायांत असेल तर सावध: त्याची व्हॅन डर वाल्स त्रिज्या देतात, ती फ्लोरिनच्या कोव्हॅलंट त्रिज्येपेक्षा मोठी दिसते.

उभ्या गणांतला एकच अपवाद नीट करून जा: गॅलियम. ॲल्युमिनियमच्या खाली असूनही त्याची त्रिज्या १३५ पिकोमीटर, ॲल्युमिनियमची १४३. मधल्या दहा 3d इलेक्ट्रॉनांची आड फारशी पडत नाही, त्यामुळे केंद्रक बाहेरच्यांना जास्त ओढतं. म्हणून त्रिज्येचा चढता क्रम बोरॉन, गॅलियम, ॲल्युमिनियम. पेपरात बोरॉन, ॲल्युमिनियम, गॅलियम हा पर्याय बहुधा वरच छापलेला असतो.