पेन्शन स्लिपचा आकडा जुळत नाही? वाचताना या चुका टाळा

महिनाअखेरीस बँकेचा मेसेज येतो, जमा झालेली रक्कम दिसते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण जमा रक्कम हा स्लिपचा शेवटचा आकडा असतो. चूक झाली असेल तर ती त्याच्या आधीच्या चार-पाच ओळींत असते आणि कित्येकदा वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. इथे केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याची, बँकेमार्फत मिळणारी पेन्शन डोळ्यांसमोर ठेवली आहे. राज्य सरकारच्या पेन्शनची मांडणीही बरीचशी अशीच असते. मात्र महागाई वाढीचा दर राज्य स्वतंत्रपणे जाहीर करते, त्यामुळे केंद्राचा दर लावून राज्याची स्लिप तपासू नका.

उदाहरणासाठी ३१ मे २०२४ रोजी साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या एका कर्मचाऱ्याची स्लिप घेऊ. मूळ पेन्शन ४०,००० रुपये आहे. त्यातला ४० टक्के भाग, म्हणजे १६,००० रुपये, त्यांनी विकला आहे. सरकारी भाषेत यालाच अंशराशीकरण म्हणतात आणि स्लिपवर बहुधा ‘कम्युटेशन’ असे लिहिलेले असते. राहत्या गावी केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखाना नसल्याने दरमहा १,००० रुपये स्थिर वैद्यकीय भत्ता मिळतो. नोव्हेंबर २०२५ ची त्यांची स्लिप, कर वगळून, अशी असायला हवी:

मूळ पेन्शन: ४०,०००
महागाई वाढ, ५८ टक्के: २३,२००
वैद्यकीय भत्ता: १,०००
एकूण: ६४,२००
वजा कम्युटेशन: १६,०००
हाती: ४८,२००

चूक पहिली: कापलेल्या पेन्शनवर महागाई वाढ मोजणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. विकलेला भाग वजा जाता पेन्शन २४,००० उरते, म्हणून तिचे ५८ टक्के काढले की १३,९२० येतात. स्लिपवर २३,२०० दिसले की बँकेने जास्त पैसे दिले असे वाटते आणि पुढे वसुली होईल या भीतीने माणूस ती रक्कम बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात बँक बरोबर असते. महागाई वाढ नेहमी पूर्ण मूळ पेन्शनवर, म्हणजे विकलेला भाग वजा करण्याआधीच्या रकमेवर मिळते. पेन्शनचा भाग विकल्याने महागाई वाढ एक रुपयानेही कमी होत नाही.

उलटी चूक मात्र खरी हानी करते. बँकेच्या नोंदीत मूळ पेन्शन म्हणून ४०,००० ऐवजी २४,००० चढले, तर दरमहा ९,२८० रुपये कमी मिळतात, आणि स्लिपवरचा हिशेब आपल्या जागी बरोबरच दिसतो, कारण २४,००० चे ५८ टक्के खरोखर १३,९२० होतात. म्हणून केवळ टक्केवारी जुळते का हे पाहून भागत नाही. मूळ पेन्शनचा आकडा पीपीओवरच्या, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशावरच्या, आकड्याशी ताडून पाहावा लागतो. पेन्शन सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात हे करा आणि पेन्शनमध्ये सुधारणा झाली की सुधारित आदेश हातात घेऊन पुन्हा करा.

पूर्णांकाचाही नियम लक्षात ठेवा. महागाई वाढीत पैसे आले तर ते पुढच्या रुपयात धरले जातात. एका रुपयाचा फरक दिसला तर तो बहुधा यामुळेच असतो.

चूक दुसरी: थकबाकीचा महिना नेहमीचा महिना समजणे

महागाई वाढ १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांपासून लागू होते, पण घोषणा दोन-तीन महिन्यांनी होते. जुलै २०२५ पासूनची ५५ वरून ५८ टक्क्यांची वाढ ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली. आपल्या उदाहरणात ३ टक्के म्हणजे दरमहा १,२०० रुपये. बँकेने ऑक्टोबरच्या पेन्शनसोबत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचा फरक दिला, तर ३,६०० रुपये थकबाकी येते आणि हाती ५१,८०० पडतात. नोव्हेंबरमध्ये ४८,२०० आले की “पेन्शन कमी झाली” अशी तक्रार घेऊन लोक शाखेत जातात. पेन्शन कमी झालेली नसते. थकबाकी एकदाच येते.

तुलना करायचीच असेल तर घोषणेआधीच्या महिन्याशी करा. सप्टेंबरमध्ये हाती ४७,००० होते, नोव्हेंबरमध्ये ४८,२०० झाले, फरक बरोबर १,२००. बँकेने नवा दर नोव्हेंबरपासून लावला असेल तर थकबाकी चार महिन्यांची, म्हणजे ४,८०० रुपये हवी. तिथे तीनच महिन्यांची आली असेल तर एक महिना गळला आहे. थकबाकीची ओळ पाहताना रकमेला मासिक फरकाने भागा. उत्तर पूर्ण महिन्यांत आले पाहिजे.

चूक तिसरी: कम्युटेशनला कर्जाचा हप्ता समजणे

“अजून किती बाकी आहे?” हा प्रश्न कम्युटेशनच्या बाबतीत लागू होत नाही. आपल्या उदाहरणात पुढच्या वाढदिवसाला वय ६१, त्यासाठीचा गुणक ८.१९४. म्हणून १६,००० × ८.१९४ × १२ = १५,७३,२४८ रुपये एकरकमी मिळाले. त्या बदल्यात दरमहा १६,००० रुपये १५ वर्षे मिळणार नाहीत. यात व्याज नाही, शिल्लक नाही, आधी पैसे भरून सुटकाही नाही. महत्त्वाची आहे ती फक्त तारीख.

ही १५ वर्षे जन्मतारखेपासून किंवा सरसकट निवृत्तीच्या तारखेपासून मोजत नाहीत. एकरकमी रक्कम पेन्शन सुरू होतानाच पहिल्या महिन्यात मिळाली असेल तर कपात पहिल्या दिवसापासून सुरू होते. इथे कपात १ जून २०२४ पासून आहे, म्हणून १ जून २०३९ पासून पूर्ण पेन्शन सुरू व्हायला हवी. रक्कम उशिरा मिळाली असेल तर कपातही तेव्हापासून सुरू होते आणि १५ वर्षेही तेव्हापासूनच. वेतन आयोगामुळे पेन्शन वाढून फरकाची दुसरी रक्कम वेगळ्या वेळी मिळाली असेल, तर दोन भाग आपापल्या तारखेला पूर्ववत होतात. अशा वेळी पहिल्या तारखेला सगळी कपात थांबेल अशी अपेक्षा धरू नका; दुसऱ्या तारखेची वेगळी नोंद ठेवा.

बँकेने हे आपोआप करणे अपेक्षित आहे, पण त्यासाठी तिच्याकडे रक्कम दिल्याची तारीख नोंदलेली हवी. पेन्शन एका बँकेतून दुसरीकडे नेली असेल तर हीच नोंद हरवण्याची शक्यता जास्त. आणखी एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवावी: पेन्शनधारकाच्या निधनानंतर कुटुंब पेन्शनच्या स्लिपवर कम्युटेशनची ओळ असता कामा नये. कुटुंब पेन्शनमधून ती कपात होत नाही.

चूक चौथी: ‘वसुली’ ही ओळ न विचारता मान्य करणे

कम्युटेशन आणि कर सोडून तिसरी वजावट दिसली तर ती बहुतेकदा जादा दिलेल्या रकमेची वसुली असते. यात वारंवार आढळणारा प्रकार कुटुंब पेन्शनचा. कर्मचाऱ्याचे निवृत्तीनंतर निधन झाले तर कुटुंबाला काही काळ वाढीव दराने पेन्शन मिळते: निधनानंतर ७ वर्षे, किंवा कर्मचारी हयात असता तर वयाची ६७ वर्षे पूर्ण झाली असती त्या दिवसापर्यंत, यातले जे आधी येईल ते. त्यानंतर दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येतो. ही तारीख पीपीओवर लिहिलेली असते. बँकेने ती वेळेत लागू केली नाही तर जादा रक्कम जात राहते आणि दोन-तीन वर्षांनी एकदम वसुली लागते. म्हणून कुटुंब पेन्शन सुरू झाली की ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

वसुली लागलीच, तर महिनावार तक्ता लेखी मागा: कोणत्या महिन्यात किती देय होते, किती दिले, फरक किती. या तक्त्याशिवाय वसुली बरोबर आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रफिक मसीह प्रकरणात निवृत्त कर्मचाऱ्यांकडून जादा रकमेची वसुली काही परिस्थितींत करता येणार नाही असे सांगितले. पण २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात, जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र आधीच दिले असेल तर हे संरक्षण मिळत नाही, असेही म्हटले. पेन्शन सुरू होताना बँक असे हमीपत्र घेते. त्यामुळे नुसता निकालाचा हवाला देण्यापेक्षा तक्ता मागणे, चुका दाखवणे आणि रास्त हप्ते मागणे यातून जास्त साधते.

चूक पाचवी: कराची ओळ महिन्याची समजणे

टीडीएस त्या महिन्याच्या पेन्शनवर नसतो. बँक वर्षभराच्या कराचा अंदाज बांधून तो उरलेल्या महिन्यांत वाटते. थकबाकी आली की अंदाज वाढतो, आणि गुंतवणुकीचे पुरावे उशिरा दिले किंवा दिलेच नाहीत तर जानेवारी ते मार्चमध्ये मोठी कपात दिसते.

आपल्याच उदाहरणाचा २०२५-२६ चा हिशेब, मागील वर्षाची थकबाकी बाजूला ठेवून: विकलेला भाग वजा जाता पेन्शन २,८८,०००, महागाई वाढ तीन महिने २२,००० आणि नऊ महिने २३,२०० मिळून २,७४,८००, वैद्यकीय भत्ता १२,०००. एकूण ५,७४,८००. विकलेले १६,००० यात धरलेले नाहीत, कारण ते मिळालेलेच नाहीत. एकरकमी मिळालेली रक्कमही सरकारी कर्मचाऱ्याला करमुक्त असते. वैद्यकीय भत्ता मात्र करपात्र आहे.

नव्या करप्रणालीत ७५,००० प्रमाणित वजावट जाऊन ४,९९,८०० उरतात आणि सवलतीमुळे कर शून्य. जुन्या प्रणालीत वजावट ५०,०००, उरतात ५,२४,८००. पाच लाखांची मर्यादा ओलांडल्याने सवलत जाते आणि इतर वजावटी नसतील तर उपकरासह सुमारे १५,५५८ रुपये कर बसतो, महिन्याला जवळपास १,३००. म्हणजे या माणसाच्या स्लिपवर टीडीएस दिसत असेल तर पहिला प्रश्न: बँकेकडे कोणती करप्रणाली नोंदली आहे? दुसरा प्रश्न: बँकेने वर्षाचे उत्पन्न धरताना कम्युटेशन वजा केले आहे का? न केल्यास १,९२,००० रुपये विनाकारण वाढतात आणि जुन्या प्रणालीत कर ५५,००० च्या पुढे जातो. एप्रिलमध्येच करप्रणाली लेखी कळवा. कापून जमा झालेला कर बँक सहसा परत देत नाही, तो विवरणपत्र भरूनच मिळवावा लागतो.

कुटुंब पेन्शनचे गणित वेगळे आहे. ती ‘इतर स्रोतांचे उत्पन्न’ मानली जाते, त्यामुळे तिच्यावर पगारासारखा टीडीएस कापत नाहीत. कापलेला दिसला तर बँकेने ती चुकून साध्या पेन्शनच्या प्रकारात नोंदली आहे का हे तपासा. टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असे मात्र नसते.

तक्रार करताना

शाखेतल्या कर्मचाऱ्याला बहुधा ही नोंद बदलता येत नाही. ते काम बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्राचे असते. अर्जात पीपीओ क्रमांक, महिना, स्लिपवरचा आकडा, तुमच्या मते योग्य आकडा आणि एका ओळीत हिशेब लिहा: ४०,००० × ५८ ÷ १०० = २३,२००, मिळाले १३,९२०. पीपीओच्या संबंधित पानाची आणि स्लिपची प्रत जोडा, पोच घ्या. बँकेकडून उत्तर आले नाही तर केंद्रीय पेन्शनधारकांना CPENGRAMS पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तिथे हीच कागदपत्रे लागतात.